पितळेतली आई

ढाली, पदकं आणि पाट्या कोरायचं दुकान अण्णांनी चाळीस वर्षं चालवलं. काचबिंदूने नजर गेली तेव्हा छिन्नी लेकीच्या हाती आली. लेकीने हळूहळू छिन्नीच्या जोडीला संगणक आणि कोरणयंत्र आणलं. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. अण्णा मात्र चिमणेच म्हणायचे, ती पन्नाशीला टेकली तरी.

आई गेली त्या वर्षी ताईने ठरवलं, आईचा चेहरा पितळेत उठवायचा. अण्णांना फोटोचा काय उपयोग? हाताला लागलं पाहिजे.

तिने आईचा एक हसरा फोटो घेतला, काळापांढरा केला आणि यंत्राला सांगितलं, पांढरं ते उंच, काळं ते खोल. पडद्यावर धातूचा उठाव झकास दिसत होता. तीन दिवसांनी तयार झालेली पितळी पट्टी तिने अण्णांच्या मांडीवर ठेवली.

अण्णांची बोटं फिरली आणि थबकली.

"चिमणे, ही कोण गं?"

"आई."

"हिचे केस कपाळापेक्षा खोल गेलेत. गालावरच्या तिळाचा खड्डा झालाय. आणि दात नाकाच्याही पुढे!"

ताईचा चेहरा पडला. चूक कळली तेव्हा ती कपाळावर हात मारून हसली आणि मग रडलीही. फोटोतला उजेड आणि चेहऱ्याची उंची या दोन वेगळ्या गोष्टी. काळे केस फोटोत काळे, म्हणून काय ते डोक्यात रुतलेत?

"रडतेस काय? इकडे ये," अण्णा म्हणाले. "नाक तुझं तिचंच आहे. हनुवटीही."

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत आणि सांगत, "गालाचं हाड तिचं थोडं वर होतं. ओठाचा कोपरा आत." ताई तसा उंचीचा नकाशा हाताने रंगवत गेली. नाकाचा शेंडा सगळ्यात पांढरा, गाल जरा करडे, कान त्याहून गडद, मागची पाटी काळी. तीळ मात्र गालाहून जरा उजळ ठिपका. रंगांच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून तिने सगळं हलकेच मऊ केलं.

"आता सावलीच्या रेघा. त्यांच्यासाठी उजेड कुठून घेतलास?" अण्णांनी विचारलं.

"डावीकडून, वरून."

"बरं केलंस. खालून घेतला असतास तर बघणाऱ्याला नाक आत गेलेलं दिसलं असतं. सावलीच्या बाजूला रेघा दाट घे, गालाच्या वळणानेच वळव. आडव्या मारल्यास तर गाल सपाट दिसेल."

त्या बारीक रेघा ताईने यंत्राने नाही, अण्णांच्या छिन्नीने मारल्या.

दुसरी पट्टी हातात आली तेव्हा अण्णांची बोटं कपाळावरून नाकावर, नाकावरून गालावर उतरली. अंगठा ओठाच्या कोपऱ्यावर थांबला.

"चिडलीय," ते हळूच म्हणाले. "हसू दाबतेय, पण चिडलीय. मी चहा गार केला की अशीच बघायची."

पट्टी भिंतीवर लागलीच नाही. ती अण्णांच्या उशाशी असते, आणि रोज बोटं फिरून तिचे गाल आता आरशासारखे चकाकतात.