मुन्शीजींचा खुलासा

मी ओरडू लागलो की मुन्शीजी आधी पेनाला टोपण लावत, मग दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवत आणि माझे बोलणे संपेपर्यंत एक शब्दही काढत नसत. त्या वेळी मी तिशीत होतो. औरंगाबादच्या जमीन-दप्तराच्या कार्यालयात त्यांचा वरिष्ठ. निजामाच्या अमलातले उर्दू कागद वाचून त्यांची मराठी नक्कल करणारे तेच एक उरले होते. माझा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकारांपर्यंत जाई आणि मला तो कर्तबगारीचा पुरावा वाटे.

माझा श्वास संपला की ते बोलत, तेही इतक्या हळू की ऐकण्यासाठी मला गप्प बसावे लागे. "सर्वे नंबर उतरवताना चूक झाली, ती माझी. तीन वाजेपर्यंत नवी प्रत देतो. आणखी काही कामाचं, साहेब?" चूक जेवढी असेल तेवढीच ते उचलत. बाकीचे माझे शब्द माझ्याच टेबलावर पडून राहत.

एकदा मी "अरे मुन्शी" म्हणालो. ते उभे राहिले. "कामाबद्दल हवं तेवढं बोला साहेब, ऐकतो. पण अहो म्हणा."

"नाही म्हटलं तर?"

"तर मी बाहेर थांबतो. म्हणाल तेव्हा आत येतो."

आणि ते खरोखरच व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने एक फाईल अडली, तेव्हा मला शिपायाला सांगावे लागले, "मुन्शीजींना बोलवा."

हा शिपाई किसन, कन्नड तालुक्यातल्या धनगराचा मुलगा. बोलणी खाऊन झाली की मुन्शीजी माठाजवळ बसून पेलाभर पाणी संथपणे पीत. एकदा त्याने त्यांना विचारलेले मी लाकडी आडभिंतीच्या फटीतून पाहिले, ऐकले. "लई बोलले ओ साहेब. तुमाला राग येत नाय व्हय?"

"येतो ना. हे हात बघ."

त्यांचे हात थरथरत होते.

"म्हणून आधी पाणी, मग कलम. रागात उतरवलेली नक्कल कचेरीत टिकत नाही, किसनराव." शिपायाला 'किसनराव' म्हणणारे तेच एकटे. ते थरथरणारे हात पाहून मला आतून समाधान वाटले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

पुढे देवगाव रंगारीच्या एका जमिनीचा कागद नकलेसाठी आला. मूळ पान फाटलेले होते. मालकाचे नाव अर्धेच वाचता येत होते. 'गावच्या प्रतीशी ताडून पाहावे' अशी चिठ्ठी मुन्शीजींनी फाईलला टाचली होती. मला घाई होती. चिठ्ठी काढून टाकली आणि सही केली. नाव चुकीचे निघाले, वरून विचारणा आली, आणि मी पाच कारकून आणि त्या जमिनीचा मालक यांच्यासमोर मुन्शीजींवर तुटून पडलो. "आत्ता, सगळ्यांसमोर माफी मागा!"

पेनाला टोपण लागले. "साहेब, दार लावून बोलू या का?"

"इथंच!"

"मग मेमो द्या. लेखी खुलासा देतो. माझी नसलेली चूक तोंडानं कबूल करणार नाही."

खुलासा तीन ओळींचा होता. पान फाटल्याची चिठ्ठी जोडून फाईल अमुक दिवशी सादर केली. जावक वहीत तशी नोंद आहे. पुढील आदेशाप्रमाणे काम करीन. चिठ्ठी कुणी काढली, याबद्दल एक अक्षरही नव्हते. मला वाचवायला त्यांनी जागा ठेवली होती. ती जागा मी त्यांच्याविरुद्ध वापरली. खुलासा असमाधानकारक ठरवून त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली आणि त्यांची कन्नडला बदली केली. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. तोवरच्या तीस वर्षांत त्या पुस्तकात ठपक्याची एकही ओळ नव्हती.

ताकिदीचा कागद त्यांनी दोनदा वाचला. "मिळाली, मान्य नाही" असे लिहून सही केली. त्या दिवशी त्यांनी पाणीही प्यायले नाही.

माझा आवाज नंतरच्या वर्षांत हळूहळू खाली येत गेला. घरात माझ्या पावलांनी मुले गप्प होऊ लागली, तेव्हा. चाळिशी ओलांडल्यावर मी मुन्शीजींचे घर शोधत गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी सगळे कबूल केले, चिठ्ठीसकट. त्यांनी पुरते ऐकून घेतले.

"मला ठाऊक होतं, साहेब."

"मला माफ करा."

"या घरात तुम्ही मला काही बोललाच नव्हतात," ते नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले. "जिथं बोललात, तिथं सांगा. त्या पाच जणांना. मग या, पुन्हा चहा घेऊ."

मी होय म्हणालो. मग बढतीची यादी लागायची होती, मग लागली, मग बदली झाली. त्या खोलीत उभे राहून हे सांगायला जेवढे धैर्य हवे होते, तेवढे माझ्याजवळ एकाही वर्षी नव्हते. मुन्शीजी गेल्याचे मला चार महिन्यांनी कळले.

त्यानंतर मात्र त्या कचेरीत गेलो. पाचही टेबलांवर नवी माणसे होती. मी उभा राहिलो, माझे नाव सांगितले, आणि मुन्शीजींची चिठ्ठी मीच काढली होती, चूक माझी होती, हे सांगितले. त्यांनी अदबीने ऐकून घेतले. मग खिडकीजवळच्या मुलीने विचारले, "पण साहेब, मुन्शीजी म्हणजे कोण?"