आठ जणांना दिवाळीच्या शुभेच्छा

माझी नणंद विनता अकरा वर्षं घरूनच डिझाइनचं काम करते. शाळांचे वार्षिक अंक, दुकानांची कॅलेंडरं, बियाण्यांची पाकिटं. राइट टाउनमधल्या आमच्या घराची पुढची खोली तिची, आणि त्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढावी लागते, मग तुम्ही कलेक्टर का असेनात. तिचे जुने क्लायंट आठच, सगळे हिंदी बोलणारे. पण ते टिकलेले, कारण बाई दिलेली तारीख चुकवत नाही.

यंदा मे महिन्यात सासूबाईंच्या उपचारांसाठी नागपूरला राहायची वेळ आली. खरं तर जायला मी हवी होते, पण माझी बँकेची नोकरी आडवी आली. गेली विनता, चार महिने. जाताना हातातली कामं तिने अनुपमला सोपवली. अनुपम आमच्याच शहरातल्या घमापूरचा, सगळं काम तिच्याकडेच शिकलेला. क्लायंटना फोन करायला तिला सवड नव्हती, तेव्हा तोच म्हणाला, "मी सांगून देतो न दीदी, तुम्ही जा." मला तो आधीपासूनच आवडत नव्हता असं म्हणायचा फार मोह होतो, पण ते खोटं आहे. मीच त्याला गरम गरम पोहे खाऊ घालायचे.

सासूबाईंना बरं वाटलं, सप्टेंबरात विनता परतली. फोन मात्र गप्प. दिवाळीनंतर शाळेच्या अंकाचं काम सुरू होतं, तेच तिचं वर्षभराचं मोठं काम. ते हातचं गेलं तर पुढचं वर्ष कठीण जाणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

म्हणून धनत्रयोदशीच्या आधी तिने शुभेच्छा लिहायला घेतल्या. पहिल्या मसुद्यात होतं, "कोई भी काम हो तो ज़रूर याद कीजिएगा." मी म्हटलं, "अगं, हे तर हात पसरून राहिल्यासारखं वाटते." तिने ते खोडलं. "सध्या मोकळी आहे" हेही खोडलं. एकच मेसेज सगळ्यांना धाडायलाही ती तयार नव्हती. "असा मेसेज कोण वाचते वहिनी?" आठ जणांना आठ वेगळे मेसेज, प्रत्येकात त्याच्याच कामाची एखादी आठवण. शाळेच्या प्राचार्यांना तिने लिहिलं: "दीपावली की शुभकामनाएँ। बच्चों का बनाया बरगी बाँध का चित्र मुझे अब भी याद है। नवंबर से नए काम की तारीखें तय कर रही हूँ। आपके अंक का समय तय हो जाए तो बताइएगा।" ना लाचारी, ना सवलतीचं आमिष. वाचून मला तिचा अभिमान वाटला.

तासाभरात प्राचार्यांचं उत्तर आलं. "विनता जी, बहुत खुशी हुई! आपकी आँखें अब ठीक हैं? अनुपम जी ने बताया था कि आपने काम छोड़ दिया।"

विनताने ते दोनदा वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. तिचे डोळे गरुडासारखे आहेत, चष्मासुद्धा नाही. बियाणेवाल्यांचं उत्तरही तसंच: आँखों का ध्यान रखिए. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी तिच्या डोळ्यांची चौकशी केली. शाळेचा अंक ऑगस्टमध्येच अनुपमला देऊन झाला होता. प्राचार्य बिचारे भले, लिहिलं की आता शब्द दिलाय, पुढच्या वर्षी नक्की. विनताने सगळ्यांना सभ्यपणे कळवलं की डोळे उत्तम आहेत, काम सुरू आहे. अनुपमचं नाव तिने कुठेच घेतलं नाही. मी असते तर घेतलं असतं, आणि चांगलं ठळक अक्षरात.

भाऊबीजेला तो आला. दरवर्षी येतो, विनता त्याला ओवाळते. मिठाईचा डबा घेऊन हसत दारात उभा. सासूबाईंना वाकून नमस्कारही केला त्याने. मी पाणी दिलं नाही.

"माझे डोळे खराब झाले म्हणून काहून सांगितलं तू?" विनताने विचारलं. आवाज चढवला नाही.

त्याचा चेहरा उतरला. "दीदी, चार महिने तुम्ही नव्हत्या. लोक विचारून राहिले होते. काय सांगतो मी?"

"आई आजारी आहे, हे सांगायचं. खरं होतं न ते."

तो डब्याची दोरी बोटाला गुंडाळत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "ते सांगितलं असतं, तर ते थांबले असते दीदी. तुमच्यासाठी."

विनता उठली आणि आत गेली. मिठाईचा डबा मी त्याच्या हातात परत दिला. आमचं भांडणसुद्धा झालं नाही, कारण तो बोलला ते अगदी खरं होतं. अकरा वर्षांत तिने एवढंच कमावलं होतं, आणि ते किती मोलाचं आहे हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यालाच नीट कळलं होतं.