रात्रीचं मनावर घेऊ नको

कवळ्या करणाऱ्या त्या माणसाला त्याचा मित्र ‘दात्या’ म्हणायचा. बाकी कुणी म्हणत नसे, आणि म्हटलेलं त्याला चाललंही नसतं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, हा त्यावरून मेणात हिरड्या घडवायचा, एकेक दात बसवायचा. माणूस शांत, मोजकं बोलणारा, आणि रात्री लवकर झोपणारा. झोपताना फोन पुढच्या खोलीत ठेवून यायचा.

मित्र शाळेची बस चालवायचा. त्याला सगळे ‘कप्तान’ म्हणत, शाळेतली पोरंसुद्धा. दोघांची ओळख विशीच्या आतली. एकाच खोलीत भाड्यानं राहिले, एकाच गादीवर झोपले, एकमेकांच्या लग्नात राबले. आता दोघांची पन्नाशी उलटली होती. भेटी कमी झाल्या होत्या. कप्तान मेसेजवर फारसं लिहीतच नसे. काही विचारलं की अंगठा पाठवायचा, तेवढ्यावर भागायचं.

म्हणून रविवारी सकाळी फोन हातात घेतल्यावर कप्तानच्या नावापुढे सात मेसेज दिसले, तेव्हा दात्या जरा चरकला. बाहेरून फक्त शेवटचा दिसत होता: ‘उद्या काही विचारू नको’. त्यानं विचार न करता ते उघडलं. उघडल्यावर लक्षात आलं, की आता तिकडे निळ्या खुणा उमटल्या असणार. वाचलंच नाही असं आता म्हणता येणार नव्हतं.

पहिला होता, ‘झोपलास का’. त्याखाली, ‘झोपलाच असशील तू सगळं वेळेत करतोस’. मग एक मोठा मेसेज, अक्षरं एकमेकांत घुसलेली: पोरीच्या लग्नात तू जेवायच्या आधी निघून गेलास, मी पंगतीत तुला शोधत होतो, तुझ्यासाठी पान राखून ठेवलं होतं, मोठा झालास तू, बरोबर आहे, आम्ही डायवर माणसं. चौथा पाठवून लगेच काढून टाकलेला. तिथे नुसती डिलीट केल्याची ओळ. पाचवा असा होता:

‘उजव्या डोळ्यावर पदडा आलाय वरून. आधी चमकायचं आता काळं. घरात महीत नाही. परवा वळणावर सायकलवाला दिसलाच नाय. पोरं ओरडली म्हणून बेक दाबला.’

सहावा, ‘तू माझा भाव आहेस’. भाऊ लिहायचं होतं. आणि सातवा तो, विचारू नको म्हणणारा.

कप्तान प्यायला होता, हे उघडच होतं. शनिवारी रात्री तो घ्यायचा, एरवी बाटलीला हात लावत नसे. सकाळी बस काढायची असते म्हणून.

बायको चहा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं आधी एकच विचारलं. “जिवाचं काही बरंवाईट करण्याचं तर लिहिलं नाही ना?”

तसं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं सगळे मेसेज त्या नजरेनं पुन्हा वाचले. तसं काही नव्हतं. पण चौथ्या, काढून टाकलेल्या मेसेजात काय होतं कुणास ठाऊक. त्यानं कप्तान शेवटचा कधी ऑनलाइन होता ते पाहिलं; थोड्या वेळापूर्वीच येऊन गेला होता. म्हणजे उठला होता. तिनं सुस्कारा सोडला आणि समोर बसली.

दात्यानं लिहायला घेतलं. पहिल्यांदा हातून आलं ते असं: ‘काय कप्तान, काल जास्तच झाली वाटतं’, आणि पुढे हसरा चेहरा. दोघांची इतक्या वर्षांची बोलण्याची पद्धत तीच होती. पाठवायला बोट नेलं आणि थांबला. हे गेलं की कप्तानही तसाच चेहरा पाठवणार, आणि तो डोळा, तो सायकलवाला, सगळं हसण्यावारी जाणार. त्यानं पुसलं.

मग लिहिलं ते लांबलचक. लग्नाच्या दिवशी बायकोला ताप भरला होता. तुझ्या आनंदात विघ्न नको म्हणून न सांगता तिला घेऊन निघालो. पान राखलं होतंस हे मला माहीत नव्हतं. आणि ‘आम्ही डायवर माणसं’ हे तू लिहावंस, ते मला फार लागलं. लिहिता लिहिता त्याचे कान गरम झाले. आपण काही चुकलो नव्हतो, आणि तरी हे ऐकून घ्यावं लागत होतं.

बायकोनं वाकून वाचलं. “खरं आहे सगळं,” ती म्हणाली. “पण हे तुमच्याबद्दल आहे, अहो. भावोजींबद्दल यात काय आहे?”

त्यानं तेही पुसलं. जरा रागातच.

तिसऱ्या खेपेला त्यानं नुसती कामाची गोष्ट लिहिली: ताबडतोब डॉक्टरांना दाखव, घरी सांग, उद्या बस चालवू नको, दारू बंद कर. वाचून पाहिलं, तर एखाद्या साहेबानं काढलेल्या हुकुमासारखं वाटत होतं. कप्तान असल्या बोलण्यावर काय करतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फोन उलटा ठेवतो.

तेवढ्यात नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं आलं. गेलं. पुन्हा आलं. म्हणजे इकडचं लिहिणं-पुसणंही तिकडे कप्तानला दिसलं असणार. शेवटी मेसेज पडला:

‘रात्रीचं मनावर घेऊ नको. जास्त झाली होती.’ आणि हसरा चेहरा.

मग दात्याच्या डोळ्यांदेखत वरचे मेसेज एकेक करून जाऊ लागले. आधी लग्नाचा गेला. मग डोळ्याचा. मग ‘तू माझा भाव आहेस’. प्रत्येकाच्या जागी तीच कोरडी ओळ उरली. तो नुसता बघत राहिला. त्याला वाटलं, कप्तान समोर उभा राहून एकेक दिवा मालवतो आहे आणि आपल्याला घराबाहेर जायला सांगतो आहे.

आता वाट मोकळी होती. ‘बरं’ एवढं लिहिलं असतं तरी मैत्रीला तडा गेला नसता. उलट कप्तानला हायसंच वाटलं असतं. पण उद्या सोमवार होता. बसमध्ये पोरं असणार होती, ते वळण असणार होतं, आणि उजवीकडचं कप्तानला दिसणार नव्हतं. प्यायलेल्या माणसाच्या बोलण्यातलं काय सोडायचं आणि काय धरायचं, हे दात्याला तेव्हा सरळ दिसलं. लग्नाची तक्रार दारूनं फुगवली होती. ती थांबू शकत होती. डोळ्याचं मात्र कप्तानला दारूनं सुचलं नव्हतं. फक्त दारूमुळे बाहेर आलं होतं.

त्यानं जवळच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला, नाव न घेता डोळ्याचं वर्णन सांगितलं. पलीकडच्या बाईनं मध्येच थांबवलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला असू शकतो, आजच घेऊन या, रविवारी डॉक्टर असतात, म्हणाली.

मग त्यानं लिहिलं आणि बायकोला न दाखवता पाठवलं:

‘तू काढलंस, पण मी सगळं वाचलंय. लग्नाचं आपण बोलू, त्याला वेळ आहे. डोळ्याला नाही. दवाखान्यात विचारलं, तुझं नाव सांगितलं नाही. आजच बघतात. मी निघतोय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बस नको. रात्री मला सांगितलंस ते बरं केलंस.’

दोन खुणा आल्या. निळ्या झाल्या. दात्यानं शर्ट चढवला, चपला घातल्या, तरी उत्तर नाही. कप्तान नाही म्हणाला तर काय, हेही त्याला ठरवावं लागलं. तर शाळेत सांगावं लागेल, आणि मैत्री कदाचित तिथेच संपेल. पण ते मेसेजमध्ये लिहायचं नाही, तोंडावर सांगायचं, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात उत्तर आलं.

‘हिला माहीत नाही.’

त्यानं उभ्या उभ्या लिहिलं, ‘मी सांगणार नाही. तू सांग. मी शेजारी बसतो.’

तो पोचला तेव्हा कप्तान आपल्या इमारतीच्या खालीच बसला होता, दाढी केलेली, बूट घातलेले. तोंडाला बडीशेपेचा वास. वर जायला तो तयार नव्हता, पण दात्या त्याच्याबरोबर बसून राहिला, तसा शेवटी उठला. कप्ताननं दोन आठवड्यांपासूनचं सगळं सांगितलं, ते त्याच्या बायकोनं उभ्यानं ऐकलं. ती रडली नाही. “दोन आठवडे मी समोर वावरतेय,” ती म्हणाली, “आणि तुम्ही रात्री फोनवर लिहिता.” मग दात्याकडे वळून, “भावोजी, तुम्ही तरी वाचलंत.” पदर खोचून ती पर्स शोधायला आत गेली.

दवाखान्यात डोळ्यात औषध घालून बाहेर बसवलं. बाहुली मोठी होत गेली तसं कप्तानला सगळं धूसर दिसू लागलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “सायकलवाल्यानं शिवी पण दिली नाही रे. नुसता बघत राहिला माझ्याकडे.” दात्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग लग्नाचं त्यानंच काढलं, तापाचं सांगितलं. कप्तान म्हणाला, “तेव्हा सांगितलं असतंस तर डबा भरून दिला असता.” मग म्हणाला, “मी तरी कुठे काय सांगतो.”

पडदा सुटलाच होता. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्याआधी कप्ताननं स्वतः शाळेच्या गाड्यांचं बघणाऱ्या माणसाला फोन करून बदली चालक मागून घेतला, सायकलवाल्याचंही सांगितलं. काही लपवलं नाही. नंतर पडदा जागेवर बसावा म्हणून कित्येक दिवस त्याला मान खाली घालून राहावं लागलं, जेवतानाही. दात्या संध्याकाळी यायचा आणि खाली जमिनीवर बसायचा, म्हणजे कप्तानला त्याचं तोंड दिसे.

डोळा गेला नाही, पण पूर्वीसारखा आलाही नाही. डॉक्टरांनी बस चालवायला नाही म्हटलं. कप्ताननं ते ऐकून घेतलं. शाळेनं त्याला गाड्यांच्या आवारात काम दिलं: सकाळी बस सुटण्याआधी ब्रेक, आरसे, चाकं तपासायची. पगार थोडा उतरला. पोरं खिडकीतून हात करत, तेव्हा तो हात वर करी, पण गाडी फाटकाबाहेर पडली की पाठ फिरवत असे. ते दुःख त्याचं गेलं नाही, आणि दात्यानंही ते जाईल असं त्याला कधी सांगितलं नाही.

पिणं एकदम सुटलं नाही, कमी झालं. त्या शनिवारनंतर मात्र त्यानं रात्री कधी लिहिलं नाही. काही सांगायचं असलं की तो रविवारी सकाळी पुढच्या खोलीत येऊन बसे. दात्या मेणात दात बसवत राही, आणि कप्तान जरा वेळानं, आपणहून, बोलायला लागे.