प्रश्नमास्तरांचा भाचा

बँकेत त्यांना सगळे प्रश्नमास्तर म्हणत. नव्या भरतीला केवायसी शिकवायचं काम त्यांचं. ती जाडजूड धोरणपुस्तिका कुणी उघडून बघेल तर शपथ! म्हणून मास्तरांनी तिचीच प्रश्नमंजुषा बनवली होती.

"विद्यार्थ्याचं खातं. अनोळखी लोकांकडून रकमा येतात, आल्या आल्या काढल्या जातात. काय कराल?"

"सर, असं खातं मी कालच काउंटरवर बघितलं," नवी लागलेली एक मुलगी म्हणाली.

"मग वाट कसली बघताय? कम्प्लायन्सला, म्हणजे आपल्या नियमपालन विभागाला, कळवा! आणि ग्राहकाला चकार शब्द नाही हं. खातंही चालूच राहणार. त्याला कुणकुण लागली की तो सावध होतो आणि इशारा दिला म्हणून कायद्याने तुम्ही अडकता."

मास्तर भलतेच खूश झाले. तिने टिपण लिहून त्यांना दाखवलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. खातं त्यांच्या भाच्याचं होतं. ताईच्या एकुलत्या एका मुलाचं. आई गेल्यावर ज्या ताईने शिवणकाम करून मास्तरांना शिकवलं, तिच्या!

मास्तरांनी टिपण अडवलं नाही, एवढं खरं. उलट स्वतःच जाऊन कम्प्लायन्स ऑफिसरला नातं सांगितलं.

"बरं झालं बोललात. आता या प्रकरणाला हात लावू नका. आणि घरी..."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "तो प्रश्न मीच घातलाय."

रविवारी ताईने जेवायला बोलावलं. भाचा खुशीत होता. "मामा, एका ओळखीच्याला खातं वापरायला दिलंय. बसल्या जागी कमिशन!"

ताई कौतुकाने हसली. अरे, सगळ्या शाखांना धडे देत फिरणारा हा माणूस, 'आपलं खातं कुणाला देऊ नकोस' एवढं साधं वाक्य घरच्या पोराला आधी कधी बोलला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता बोलणं म्हणजे इशारा देणं. ते पाणी प्यायले, त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. सोमवारी भाच्याचं बोलणंही ऑफिसरच्या कानावर घातलं.

पुढे पोलीस आले. त्या खात्यातून किती म्हाताऱ्याकोताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी गेली होती, ते तेव्हा कळलं. पोराला घेऊन गेले.

ताई बँकेत आली नाही, मास्तरांच्या घरी आली. चपलाही न काढता दारातच उभी राहिली.

"रविवारी तू आलास, तेव्हा तुला माहीत होतं?"

हो म्हणायची सोय नव्हती, आणि ताईशी खोटं बोलायची सवय नव्हती. ताई काय ते समजली. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"मग जेवलास कसा रे?" एवढंच तिने विचारलं.