बक्षीस कोणाच्या हस्ते

माझ्या मुलीच्या हातातून ज्या माणसाने कप काढून घेतला, त्याला मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, अहो, सोसायट्यांची क्रिकेट स्पर्धा ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! नवरा तर पहिल्या दिवसापासून एकच घोकतोय, जाऊ दे. त्याचं बरं आहे. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की तो पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये असतो, घरी येतो तो जेवायला आणि झोपायला. त्या दिवशी मैदानावर तो नव्हता. मी होते.

आम्ही गंगापूर रोडला भाड्याने राहतो. आमच्या आजूबाजूच्या आठ सोसायट्या मिळून दर हिवाळ्यात टेनिस बॉलची स्पर्धा भरवतात. सहा षटकांचा डाव, संघात दोन बायका हव्यातच आणि एक षटक बाईनेच टाकायचं. माझी मुलगी लेगस्पिन टाकते. गेल्या वर्षी तिच्या त्या एका षटकावर आमची सोसायटी दोन सामने जिंकली. फायनल समोरच्या सोसायटीशी होती, तीही जिंकली. बक्षीस समारंभात आमच्या कॅप्टनने कप घेतला आणि कौतुकाने तिच्या हातात दिला. फोटो काढायला सगळे उभे राहिले, तेवढ्यात समोरच्या सोसायटीचे चेअरमन स्टेजवर चढले. म्हणाले, "ही मुलगी भाडेकरूची आहे. नियमात फ्लॅटमालक आणि त्यांचं कुटुंब असं लिहिलंय. सामना बाद."

नियम तसा होता, खरं आहे. पण या गृहस्थांनी तिचे सगळे सामने खुर्ची टाकून बघितले होते. एका विकेटला तर टाळ्या वाजवल्या होत्या. हरेपर्यंत त्यांना भाडेकरू दिसली नाही! आणि मग त्यांनी स्वतः हात पुढे करून तिच्या हातातून कप घेतला. आमचे कमिटीवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. पोरगी स्टेजवरून उतरली. घरी येऊन बूट कपाटात टाकले आणि पुढे वर्षभर बॉलला हात लावला नाही. खालची पोरं बोलवायला यायची, ही दार उघडायची नाही. कप मात्र समोरच्या सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या शोकेसमध्ये, येता-जाता मला दिसेल असा. भाजी आणायला गेले तरी दिसायचा.

ह्या वर्षीची मीटिंग आमच्या क्लबहाऊसमध्ये झाली. कामाची यादी निघाली की लोकांना अचानक फोन येतात, तसे आले. नियम लिहिणं, सामने लावणं, नोटिसा काढणं, माईकवर बोलणं, ही सगळी डोकेदुखीची कामं. मी म्हटलं, मी करते. सगळे इतके खूश झाले की मी भाडेकरू आहे हे कुणालाच आठवलं नाही.

पहिला नियम मी असा लिहिला: जो आज सोसायटीत राहतो तो खेळेल, मालक असो वा भाडेकरू. मालक असून राहत नसेल तर खेळणार नाही. प्रत्येक संघाच्या यादीवर, हे सगळे इथेच राहतात, अशी चेअरमनची सही. दुसरा नियम: खेळाडूबद्दल आक्षेप असेल तर तो कॅप्टनने टॉसच्या आधी अंपायरला सांगायचा. टॉसनंतर ब्रह्मदेव आला तरी ऐकलं जाणार नाही. मला वाटलं होतं चेअरमन पहिल्या नियमावर उसळतील. पण ह्या वर्षी त्यांच्याकडे एक इंजिनियर मुलगा भाड्याने राहायला आला होता, डावखुरा, जोरदार मारणारा. साहेबांना एकदम पुरोगामी विचार सुचले. "काळाप्रमाणे बदललं पाहिजे, वहिनी," म्हणाले. मी मान डोलावली. दात-ओठ मनातल्या मनात खाल्ले.

मग मी विचारलं, "अंतिम बक्षीस कोणाच्या हस्ते ठेवायचं? मला वाटतं चेअरमन साहेबच शोभतील." काय सांगू, माणूस फुलला! दुसऱ्या दिवशी फ्लेक्ससाठी कोट घातलेला फोटो पाठवला. फ्लेक्स लागल्यावर नगरसेवकांपेक्षा आपला फोटो लहान आलाय म्हणून दोन वेळा फोन केला. मी तो मोठा करून दिला. हवा तेवढा मोठा करून दिला. ज्या हातांनी कप काढून घेतला, त्याच हातांनी तो माझ्या पोरीला सगळ्यांसमोर द्यायला लावायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रात्रंदिवस तेच.

नियमांची नोटीस लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावली. संध्याकाळी मुलगी क्लासहून आली ती बोर्डासमोर थांबली. लिफ्ट आली, गेली, ही तिथेच. कपाटातले बूट काढून गॅलरीत उन्हाला ठेवलेले मला सकाळी दिसले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. त्या माणसाचा राग मात्र त्याने कमी झाला नाही, उलट वाढला.

सामने चिठ्ठ्या टाकून लावले. आठ संघ म्हणजे बरं, कुणाला न खेळताच पुढे जायची बाय द्यावी लागत नाही. आठही कॅप्टनना बोलावलं आणि स्टीलच्या डब्यातून ज्याची त्याने चिठ्ठी उचलली. मी डब्याला बोटही लावलं नाही, नाहीतर उद्या माझ्याच नावाने शंख केला असता. अंपायर त्या सामन्यात नसलेल्या सोसायट्यांचे. फायनलला मात्र बाहेरचा माणूस हवा म्हणून देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार आणले. आमचं नशीब बघा, समोरची सोसायटी चिठ्ठीत दुसऱ्या बाजूला गेली. म्हणजे भेट झाली तर फायनललाच. आणि झाली.

फायनलच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मैदान म्हणजे त्यांच्या सोसायटीला लागून असलेला मोकळा प्लॉट. मी माईक तपासत होते आणि त्यांच्या संघात चेअरमनचा भाचा पॅड बांधताना दिसला. माझं डोकंच फिरलं. हा भाचा पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला म्हणून ह्याच मामांनी मीटिंगमध्ये पेढे वाटले होते! मी स्वतः खाल्ला होता एक. आणि यादीत त्याच्यापुढे मामांचा फ्लॅट नंबर, खाली मामांची सही. तो डावखुरा इंजिनियर बिचारा पाण्याच्या बाटल्यांजवळ बसलेला.

सुभेदारांनी दोन्ही कॅप्टनना बोलावून विचारलं, "कोई आक्षेप?" आमचा कॅप्टन, वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट, त्यालाही सगळं माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी जोरात मान हलवली, म्हटलं घे, घे आक्षेप. तेवढ्यात माझी मुलगी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"खेळू दे त्याला," ती म्हणाली.

"अगं वेडी आहेस का?" मी माईक बाजूला धरून ओरडले.

"आई, मैदानाबाहेर नाही जिंकायचं मला. मला बॉलिंग टाकायचीये त्याला."

कॅप्टन सुभेदारांकडे वळून म्हणाला, आक्षेप नाही. नाणं वर गेलं आणि माझा नियम माझ्याच गळ्यात पडला.

त्या भाच्याने आम्हाला धुतलं. मुलीने त्याला तिच्या षटकात बाद केलं, अगदी दांडी उडवली, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आम्ही चार धावांनी हरलो. वर्षभर मी काय काय ठरवून ठेवलं होतं आणि झालं काय, तर त्या माणसाला त्याच्याच हाताने त्याच्याच भाच्याच्या संघाला कप द्यायला मिळणार होता. आणि तो सोहळा माईकवरून सांगायचा कुणी, तर मी! मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही.

सामना बाद आहे, असं माईकवर म्हणणं मला सहज जमलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण टॉस झाला होता, आणि मला ह्या माणसासारखं व्हायचं नव्हतं. म्हणून मी माझं काम केलं. एकेका खेळाडूला पुकारताना मी सकाळपासून नाव आणि विंग सांगत होते. पदकं द्यायलाही तशीच पुकारत गेले. अमुक, ए विंग. तमुक, सी विंग. आणि मग सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं, "सामनावीर, चेअरमन साहेबांचे भाचे. मुक्काम हिंजवडी, पुणे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. त्यांच्याच सोसायटीतल्या एक आजी खुर्चीतून उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मग आमच्या शेजारच्या पोराला बाहेर का बसवलंत हो? तो तर रोज इथं असतो." तो इंजिनियर खाली मान घालून बूट बघायला लागला. भाचा लालबुंद झाला, पदक न घेताच मागे सरकला. आणि कोटातले चेअरमन कप हातात धरून फ्लेक्सवरच्या स्वतःच्या मोठ्या फोटोखाली उभे. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. लाज वाटली का, तर मुळीच नाही.

पण माणूस बेरका. त्याने लगेच हसरा चेहरा केला, दोन पावलं पुढे आला आणि माझ्या मुलीपुढे कप धरला. "चला, खिलाडूवृत्ती म्हणून आम्ही हा कप तुम्हालाच देतो. घे बेटा." टाळ्याही सुरू झाल्या. आता हा देव होणार, असं वाटून माझा जळफळाट झाला.

मुलीने हात मागे बांधले.

"नको काका. हा आम्ही हरलोय," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा जिंकलो होतो. तो द्या."

टाळ्या थांबल्या. चेअरमननी इकडेतिकडे बघितलं, आमच्या कमिटीकडे, सुभेदारांकडे.  सुभेदार तर हाताची घडी घालून वाटच बघत उभे राहिले. शेवटी चेअरमननी गेटवरच्या वॉचमनला हाक मारली आणि खिशातून ऑफिसची किल्ली काढली.

मी माईक तोंडाजवळ घेतला. "वॉचमनला नको, साहेब. बक्षीस तुमच्या हस्ते आहे. तुम्हीच आणा."

ते गेले. कोट घालून, एवढ्या लोकांमधून, आपल्याच गेटमधून आत. शोकेसचं दार उघडल्याचा आवाज मैदानापर्यंत आला, कारण कुणीच बोलत नव्हतं.