पावणे आधी, दोन मागून

भावना ओव्हाळला संगणकाचं शिक्षण कुणी रीतसर दिलं नाही. कॅम्प दोनच्या बाजारातल्या एका जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायला लागली होती. मालकाचा मुनीम गावी गेला की माल किती गेला नि किती उरला हे लिहायचं काम तिच्या गळ्यात पडायचं. मुनीम आला की काम परत त्याचं. तिसऱ्यांदा मुनीम परत आला तेव्हा तिनं धाग्याची कात्री ठेवून दिली. मोबाईलवर व्हिडिओ बघून ती संगणकावरची हिशेबाची शीट शिकली. मांजर्लीच्या घरात पोरगं झोपलं की पालथं पडून शिकायचं, चुकलं की स्वतःलाच शिव्या घालायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, कुणाला बोलतेस?" ती म्हणायची, "फॉर्म्युल्याला."

आता ती त्याच बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर, एका देखभाल केंद्रात कामाला होती. आजारी माणसाला उठवायचं कसं, कूस बदलायची कशी, औषध द्यायचं कसं, हे बायकांना शिकवायचं केंद्र. शिकणाऱ्यांनी दवाखान्यात नाहीतर वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम करायचं नि दर दिवशी फोनवरच्या फॉर्मात भरायचं, आज काय केलं, किती वेळ केलं. एकशे वीस तास भरले की परीक्षेला बसता यायचं. तासांची बेरीज भावनाची.

पहिल्यांदा तिनं वेळेसाठी फॉर्मात घड्याळाचा रकाना दिला होता. शिकायला येणाऱ्या रखमाबाईंनी पाव तास रक्तदाब मोजला नि काम संपताना चार वाजले म्हणून चार टाकून मोकळ्या झाल्या. शीटनं त्यांना चार तास दिले. "देऊ दे की, देतंय ते!" रखमाबाई म्हणाल्या. भावनानं मग घड्याळ काढून टाकलं नि साधा रिकामा रकाना ठेवला. लिहा बाई तुम्हाला येईल तसं, मी बघते.

पण शीट मजकुराची बेरीज करत नाही. "1 तास 30 मिनिटं" हे तिच्या लेखी आकडा नव्हे, अक्षरं. खाली बेरीज मागितली तर शून्य. म्हणून भावनानं फॉर्म्युला बांधला. 'तास' शब्दाच्या आधीचा आकडा उचल, साठनं गुण. 'मिनिटं'च्या आधीचा आकडा उचल, त्यात मिळव. एक तास तीस मिनिटांचे नव्वद झाले, नुसता नव्वद, पुढे-मागे शब्द नाही. आता बेरीज होते. कुणी फक्त "45 मिनिटं" लिहिलं तर तास सापडायचा नाही नि रकान्यात चूक म्हणून लाल अक्षरं यायची. ते तिला दिसायला घाण वाटायचं. म्हणून तिनं पुढं जोडून टाकलं, सापडलं नाही तर शून्य धर. शीट कशी स्वच्छ दिसायला लागली. भावना चार दिवस त्या स्वच्छ शीटकडे नव्या साडीकडे बघावं तशी बघत होती.

परीक्षेला नावं पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. केंद्र चालवणारे गुरुदत्त सर, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी, शीट बघत म्हणाले, "भावना, सुंदराबाईंचं नाव काढून टाक. एकशे पाचच तास झालेत."

"पंधरा कमी?"

"पंधरा. एक-दोन असते तर बोललो असतो कुणाशी तरी."

सुंदराबाई सोनिवलीच्या. नवीन इमारती उठल्या तशी त्यांची भाजीची जागा गेली, मग त्या त्याच इमारतींतल्या म्हाताऱ्यांची आंघोळ-शी-शू करायला लागल्या. बदलापुरात नवा दवाखाना होत होता. तिथल्या मेट्रननं त्यांना सांगितलं होतं, मावशी, हात चांगला आहे तुमचा, पण कागद आणा, कागदाशिवाय घेता येत नाही. दवाखाना पावसाळ्यानंतर सुरू व्हायचा. पुढची परीक्षा वर्षानं. वर्षभर जागा कोण धरून ठेवतो?

फोनवर सांगणं जड वाटलं म्हणून भावनानं त्यांना बोलावून घेतलं. सुंदराबाई जिना चढून आल्या, ओचा सावरला, बसल्या नाहीत.

"बाय, मना एक सांग. मी या पोरींबरोबरच येतंय न त्यांच्याबरोबरच जातंय. त्यांचं भरलं, माझंच कसं नाय भरलं? माझं तास काय मांजरीनं खाल्लं?"

"मावशी, तुम्ही फॉर्म भरायला विसरला असाल."

"एक दिस नाय विसरलो. सगलं बोलून सांगतंय फोनला. मना टाईप कराला येतंय का? तो माईक दाबाचा न बोलाचं."

स्वप्नाली म्हणून शिकायला येणारी एक पोरगी बाजूला उभी होती, ती हसली. "ताई, मावशी फोनला असं ओरडून सांगतात की आश्रमातल्या आज्या जाग्या होतात."

भावनानं सुंदराबाईंच्या ओळी वेगळ्या काढल्या. इतके दिवस ती शेवटचा बेरजेचा रकानाच बघत होती. आता पहिल्यांदा बाजूचा बघितला, बायकांनी लिहिलेला.

दीड तास. पुढं शून्य.

पाऊण तास. शून्य.

सव्वा तास. शून्य.

साडे 3 तास. पुढं एकशे ऐंशी.

फोन बोललेलं तसंच्या तसं उतरवत होता. दीड, पाऊण, सव्वा अक्षरांत, आणि पूर्ण आकडा आला की इंग्रजी अंकात. फॉर्म्युला 'तास'च्या आधी अंक शोधत होता. 'दीड' काही अंक नव्हे. सापडलं नाही, शून्य धर. तिनंच सांगितलं होतं तसं धरायला. आणि साडेतीनमधलं 'साडे' तो बघतच नव्हता, तीन उचलून मोकळा. अर्धा तास दर वेळी हवेत.

"अरे देवा," भावना म्हणाली. तिच्या घरात देवाचं नाव निघत नाही, पण शीटपुढं निघालं.

"काय झालं गं?"

"मावशी, तुमचे तास मांजरीनं नाही, मी खाल्ले."

"तू?" सुंदराबाई आता बसल्या. "मग थुक आता."

शिकलेली पोरं एक तास तीस मिनिटं लिहीत होती, कारण फॉर्म म्हणजे शाळा, आणि शाळेत असंच लिहायचं असतं. सुंदराबाईंच्या तोंडात दीड होता. दीड शेर, दीड कोस, दीड शहाणा. एक नि वर अर्धा असं तोडून त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

भावनानं बाजूला दुसरं पान उघडलं. एका रकान्यात शब्द, पुढं मिनिटं. पाऊण तास, पंचेचाळीस. सव्वा तास, पंचाहत्तर. दीड, नव्वद. अडीच, दीडशे. साडे आलं की पुढच्या आकड्याला साठनं गुणायचं नि त्यात तीस मिनिटं घालायची. फॉर्म्युल्याला सांगितलं, आधी या पानात शब्द बघ, मग आकडा. आणि ते शून्य तिनं काढून टाकलं. काहीच ओळखता आलं नाही तर रकान्यात 'वाच' असा शब्द येऊ दे, लाल. दिसू दे घाण.

बेरीज हलली. सहा हजार तीनशेवर अडलेली मिनिटं सात हजार दोनशे पंचेचाळीस झाली. लागत होती सात हजार दोनशे.

"भरलं!" स्वप्नाली ओरडली.

सुंदराबाईंनी दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली. "देव तुझ्या पोराला सुकात ठेवो. भजी आनतंय मी."

त्या जिना उतरल्या. भावना तोंडावर हसू घेऊन ओळी खालपर्यंत बघत गेली, उगाच, मन भरत नव्हतं म्हणून. आणि मधेच थांबली.

पावणे 2 तास. पुढं एकशे वीस.

पावणे तिनं पानात लिहिलंच नव्हतं. वाढवणारे शब्द सगळे आठवले होते, घटवणारा एकच होता, तो राहिला. फॉर्म्युला दोन उचलत होता नि दोनाचे एकशे वीस देत होता. पण पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. एकशे पाच. दर ओळीला पंधरा मिनिटं फुकटची. अशा ओळी सहा.

नव्वद मिनिटं जाणार होती. मग उरत होती सात हजार एकशे पंचावन्न. पंचेचाळीस कमी.

स्वप्नाली मागून वाकून बघत होती. "ताई, कुणाला कळणारे?"

"तुला कळलं की."

"मी काय बोलते का कुणाला!"

भावनाचा हात माऊसवर होता. खरं सांगायचं तर मोह झाला. रखमाबाईंचं वाक्य कानात वाजलं, देतंय ते देऊ दे. पण उद्या कुणी तपासायला बसलं नि एक पावणे खोटं निघालं, तर बाकीचे खरे दीड आणि साडेसुद्धा कोण मानणार? तिनं पानात पावणे लिहिलं, पुढं वजा पंधरा. बेरीज खाली आली.

खाली कागदात गरम भजी घेऊन सुंदराबाई जिना चढत होत्या.

"मावशी, पाऊण तास कमी पडतोय."

"आत्ता तं भरलं होतं."

"पावणेदोनला मशीन दोन समजत होतं. तुम्हाला पावाचा फायदा देत होतं."

सुंदराबाईंनी भजी टेबलावर ठेवली. "पावनेदोन म्हंजे पावनेदोन. दोन कसं होल? माझी सासू पावनेदोन शेर तांदूल दोन शेर म्हनून देणाऱ्याला दारात उभी करत नव्हती." मग एकदम, "फॉर्म किती वाजता बंद होतंय?"

"नावं उद्या संध्याकाळी जाणार."

"मग रडतंस कशाला? उद्या सकाळी मी आश्रमात जातंय. पाऊन तास काय, दोन भाकऱ्या थापीपर्यंत होतंय."

गुरुदत्त सर आतून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चष्मा पुसत म्हणाले, "भावना, बाकीच्यांच्या ओळीही बघायला हव्यात गं."

"लावलंय सर सगळ्यांना. बारा ठिकाणी 'वाच' आलंय, ते मी एकेक बघते. शिवाय स्वप्नालीचं वेगळंच, 1.30 आहे बघा. तिला दीड म्हणायचंय, पण शीटला टिंब दिसलं की ती एक पूर्णांक तीन धरते. अठ्ठ्याहत्तर मिनिटं देते."

"म्हणजे माझेपण खाल्ले?" स्वप्नाली म्हणाली.

"तुझी बारा बारा मिनिटं. भजी खा नि गप बस."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी सुंदराबाईंची नोंद आली नाही. भावनानं दोनदा फोन लावला, उचलला नाही. सर आतून दोनदा बघून गेले. बाजूच्या शिलाई मशिनी खडखडत होत्या. मग शीटमध्ये एक नवी ओळ खाली उतरली.

म्हातारीला जेवाला घातलं कूस बदलली तिनं हात सोडला नाही म्हणून बसले सव्वा तास.

पुढच्या रकान्यात पंचाहत्तर. खाली सात हजार दोनशे तीस.

भावनानं बोटांवर परत मोजलं, शीटवर भरवसा ठेवला नाही. बरोबर होतं. तिनं यादीत सुंदराबाईंचं नाव घातलं, नावापुढं मिनिटं नुसत्या आकड्यात लिहिली नि सरांकडे नेऊन ठेवली. सरांनी सही केली. यादी गेली.

चारच्या सुमाराला फोन आला.

"बाय, नाव गेलं का?"

"गेलं मावशी."

"मग आता अभ्यासाचं बोल. ती पुस्तकातली नाडी माझ्या डोक्यात नाय बसत. शनिवारी येऊ का शिकाला?"

"या. किती वेळ बसाल?"

"बसंन की दोन-अडीच तास," सुंदराबाई म्हणाल्या. "पन तुझ्या मशीनला एक सांग नीट. त्या दोघांतलं मोठं ते धर."