याकूबसरांचं बंद पडलेलं अकाउंट

भोरच्या बाजारपेठेत याकूबसरांची टायपिंग इन्स्टिट्यूट बावीस वर्षं चालली. इंग्रजी चाळीस आणि मराठी तीसच्या परीक्षेला त्यांच्याकडची मुलं पासलीपासून शिवऱ्यापर्यंतच्या गावांतून येत. पुढे टाइपरायटरला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा सरांनी सहा यंत्रं भंगारात दिली आणि त्याच खोलीत सायबर कॅफे मांडला. दुपारच्या रिकाम्या वेळी पोरं काय खेळतात ते पाहता पाहता, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, सरांना ऑनलाइन गेमचा नाद लागला.

गेमचं नाव एल्डमूर. जगभरची माणसं एकाच वेळी त्यात शिरून खाणी खणत, गड बांधत, एकमेकांचे गड घेत. सरांनी तीन वर्षांत आपला गडी, म्हणजे पडद्यावरचं आपलं पात्र, मोठ्या हुद्द्याला नेला होता आणि चाळीस खेळाडूंचं एक क्लॅन, म्हणजे मंडळ, उभं केलं होतं. त्यात नागपूरचा डॉक्टर होता, मलेशियातली बाई होती आणि शिवऱ्याचा पप्पू होता. पप्पू त्यांचा जुना विद्यार्थी. हायवेला त्याने स्वतःचा कॅफे काढला तेव्हा यंत्रं निवडायला सर दोनदा पुण्याला गेले होते. मंडळात सरांच्या खालोखाल पप्पूचा मान.

स्कूटरवरून पडल्यापासून सरांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वळत नसे. म्हणून त्यांनी लांबची बटणं डाव्या हाताखाली आणायचा एक छोटा प्रोग्रॅम बसवला. बसवण्याआधी मात्र गेम चालवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं: हे चालेल का? उत्तर आलं, की बटणाची जागा बदला, हरकत नाही. एका दाबाला एकच काम व्हावं आणि दाबणारा माणूस समोर बसलेला असावा. एका दाबात ठरावीक अंतराने चार कामं करणारा मॅक्रो आमच्याकडे चालत नाही, आणि माणूस नसताना गडी खेळत राहिला तर तो बॉट धरला जाईल. इतर गेममध्ये नियम थोडे इकडेतिकडे असतात, ज्याचे त्याला विचारा. सरांनी ते पत्र मंडळातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. कोल्हापूरचा एक खेळाडू मॅक्रो लावून लाकूड तोडताना सापडला, तेव्हा त्याला सरांनीच काढून टाकलं.

२००७ च्या नोव्हेंबरात वेल्ह्याला त्यांची बहीण इमामबी घसरून पडली. सर नऊ दिवस तिच्याकडे राहिले. तिथे नेटची सोय नव्हती. त्या महिन्यात जे मंडळ सर्वांत जास्त दगड काढेल त्याला उत्तरेचा गड मिळणार होता आणि कोठाराचं कुलूप रोज प्रमुखालाच उघडावं लागे. निघताना सरांनी पप्पूला आपला पासवर्ड सांगितला. पासवर्ड दुसऱ्याला देणंही नियमात बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पप्पू घरचाच, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

"फक्त कुलूप उघडायचं, पप्पू. बाकी कशाला हात लावू नकोस."

"सर, तुमी निवांत जा. आत्याची काळजी घ्या."

परत आल्यावर सरांनी अकाउंट उघडायला घेतलं तर ते बंद. कंपनीचं पत्र आलेलं होतं. चौदा तारखेला सकाळी अकरापासून साडेपाचपर्यंत तुमचा गडी अचूक दर चार सेकंदांनी एकाच खडकावर घाव घालत होता. आमच्या देखरेख करणाऱ्याने तीनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. त्याने गड्याला उचलून मोकळ्या माळावर ठेवलं, तर तो तिथेही हवेत घाव घालत राहिला. सबब अकाउंट बंद. काही म्हणणं असल्यास सात दिवसांत कळवावं.

सरांनी ते दोनदा वाचलं. दुपारचं ताट तसंच राहिलं. नसरीन, त्यांची बायको, दाराशी येऊन म्हणाली, "अवो, खोटा दगुड तो. त्याच्यापायी खऱ्या भाकरीवर का रुसलात?"

"दगडाचं काही नाही," सर म्हणाले. "मला चोर म्हणालेत."

तसेच उठून ते शिवऱ्याच्या एसटीत बसले.

पप्पू झेरॉक्स काढत होता. सरांना पाहून त्याने खुर्ची पुसली, चहा सांगितला. सरांनी पत्राची प्रत पुढे ठेवली.

"आता हे व्हनार हे कुनाला ठावं," पप्पू म्हणाला. "एक मॅक्रो लावला व्हता. मी हितंच व्हतो की, काउंटरवर."

"गड्याला हाक मारली तेव्हा कुठं होतास?"

"गिऱ्हाईक व्हतं. आन् सर, बटनं तर तुमीबी बदलल्यात. त्यो काय मॅक्रो न्हाई व्हय?"

"मी बटण दाबतो तेव्हा घाव पडतो. मी उठलो की घाव थांबतो. तू उठलास तरी सहा तास पडत होता."

पप्पू हसला. "मंडळासाठीच केलं ना. म्या काय घरी नेला का दगुड?"

सरांना एक गोष्ट सुचली आणि विचारू नये असं वाटलं, तरी त्यांनी विचारलं. "तुझ्या स्वतःच्या अकाउंटवर का नाही लावलास?"

पप्पूने चहाचा कप सरकवला. म्हणाला, "माझं गेलं असतं तर? तुमचं नाव मोठं. वाटलं, तुमच्यावर कोन शक घेनार." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "सर, आयका. तुमच्याकडं बोटाचं पत्र हाय. लिवा, की त्यो बोटाचा प्रोग्रॅमच बिघडला. सोडत्यात बगा."

सरांनी चहा घेतला नाही.

भोरला येऊन त्यांनी मंडळाचं चर्चेचं पान उघडलं. त्यावर अकाउंटशिवायही वाचता-लिहिता येत असे. पंधरा तारखेला पप्पूने लिहिलं होतं: सरांकडून अशी अपेक्षा नव्हती. ज्यांनी आपल्याला नियम शिकवले त्यांनीच हे करावं याचं दुःख होतं. खाली एकतीस जणांनी त्याला प्रमुख करावं म्हणून मत दिलं होतं. मलेशियाच्या बाईनेसुद्धा. शिवऱ्याला समोर बसून त्याने यातला एक शब्द काढला नव्हता.

मुदतीच्या सहाव्या दिवशी सरांनी कंपनीला उत्तर टाइप केलं. बोटाच्या प्रोग्रॅमचा त्यात काही दोष नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. पासवर्ड मी दिला, ती माझी चूक. चौदा तारखेला मी वेल्ह्याला होतो, मॅक्रो शिवऱ्याच्या कॅफेतून लावला गेला, अकाउंट कुठून उघडलं होतं ते तुमच्या नोंदीत दिसेल. पप्पूचं नावही लिहिलं. तोच मजकूर त्यांनी मंडळाच्या पानावरही टाकला.

पानावर नागपूरच्या डॉक्टरने लिहिलं, पकडलेला प्रत्येक जण दुसऱ्याचंच नाव सांगतो. बाकी कोणी काही लिहिलं नाही.

कंपनीचं उत्तर आठ दिवसांनी आलं. अकाउंट वेगळ्या ठिकाणाहून उघडलं होतं हे खरं आहे. पण पासवर्ड देणाऱ्यावरच त्या अकाउंटची जबाबदारी राहते आणि मॅक्रो कोणाच्या हाताने लावला हे आम्हांला ठरवता येत नाही. अकाउंट कायमचं बंद. खरं लिहिल्याबद्दल आभार.

डिसेंबरात पप्पूचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"सर, मॉडेमचा लाल दिवा लागलाय, लाइनच येईना. मागं तुमी कायतरी सेटिंग केलं व्हतं बगा, तेवढं सांगता का?"

ते सेटिंग सरांना तोंडपाठ होतं.

"टेलिफोन ऑफिसला विचार," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.